थंडीची भूक आणि मामांची अर्धी भाकरी

दिवाळीची सुट्टी संपून मुली वसतिगृहात परतल्या की मी पहिलं काम करते ते पिठाची मागणी वाढवण्याचं. त्यानंतर गोधड्या उन्हात घालणं, स्वेटर नसलेल्या मुलींची यादी, गरम पाण्याचा बंब दुरुस्त करून घेणं. पण पहिला नंबर पिठाचा. उमरग्यातल्या या मुलींच्या वसतिगृहात गृहपाल म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत. थंडी पडली आणि पीठ वाढवलं नाही तर शेवटच्या पंगतीतल्या मुली ताटं वाजवतात, हे मला ठाऊक आहे.

त्या वर्षी थंडी जरा लवकर आली. सकाळी स्वयंपाकघरात गेले तर भाकरी थापणाऱ्या मावशी टोपल्यात डोकावून बसलेल्या.

"बाई, पोरींच्या पोटात भट्टी पेटली का काय? काल केल्या तेवढ्याच भाकरी केल्या, अन् टोपलं पुसून ठेवलं पोरींनी."

"थंडी आलीय मावशी."

"थंडी पोरींना आली, अन् हात माझे गळायलेत. हा कुठला न्याय म्हणायचा?"

मी मदतीला एक बाई लावून देते म्हणाले. पण माझं मन मावशींच्या टोपल्यात नव्हतं. ते घरच्या एका ताटात अडकलं होतं. इथं पन्नास-साठ मुलींची भूक एका आठवड्यात वाढली होती आणि माझ्या घरी एकाच माणसाची भूक रोज थोडी थोडी कमी होत चालली होती.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. आमचं गाव उमरग्यापासून जवळच आहे. रात्री वसतिगृहात सहायक बाई थांबतात, म्हणून मी संध्याकाळी घरी जाऊ शकते. नवरा शेती पाहतो. मामा पंचाहत्तरीच्या पुढचे, आयुष्यभर शेतात राबलेले, बोलायला तिखट. आदल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा अंगावर मांस राहिलं नव्हतं. उमरग्याच्या ज्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बरं केलं, त्यांनी सोडताना आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुढच्या थंडीपर्यंत यांच्या अंगावर थोडं मांस चढायला हवं. एवढ्या अशक्त अंगानं असाच दुसरा आजार झेपायचा नाही."

उन्हाळ्यात, पावसाळ्यात मामा बरे सुधारले. आम्हाला वाटलं, आता थंडीत भूक लागेल, ताजी बाजरी येईल, हुरडा येईल, मग काय बघायचं. आणि नेमकी थंडी पडताच त्यांनी हात आखडता घेतला. सकाळी कसंबसं खायचे. रात्री अर्धी भाकरी, तीही मोडून मोडून ताटाच्या कडेला लावलेली. गालाची हाडं पुन्हा वर यायला लागली.

आम्ही काय केलं? जे कुठलंही घर करतं तेच. त्यांची खाट ओसरीवरून उचलून आतल्या खोलीत नेली. खिडक्या लावल्या. अंगावर दोन वाकळा, डोक्याला मफलर. हातात दर थोड्या वेळानं चहा. नवऱ्यानं तर खोलीत कोळशाची शेगडी ठेवायचीही तयारी केली होती. गोठ्यात जाऊ नका, म्हशीला वैरण टाकू नका, नळावर जाऊ नका. मामांना आम्ही एखाद्या लोणच्याच्या बरणीसारखं बांधून ठेवलं होतं.

मामांचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता: येळवस.

आमच्या भागात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा दिवाळीइतका मोठा सण. ऐन थंडीत येतो. गावं ओस पडतात आणि सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, भज्जी आणि आंबील खायची. भज्जी म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा असे कोवळे दाणे आणि हाताला लागतील त्या भाज्या बेसनात शिजवून केलेला दाट पदार्थ. आंबील म्हणजे ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ, लसूण-जिऱ्याचं, आंबट. पूजेनंतर घरातला कर्ता पुरुष उभ्या पिकाला वळसा घालून आंबील शिंपडतो. आमच्या घरात तो मान मामांचा. आदल्या वर्षी ते दवाखान्यात होते, म्हणून नवऱ्यानं शिंपडली होती.

"यंदा मला नेणार का न्हाय?" मामा रोज विचारायचे.

"ताटातली भाकरी संपवा, मग बघू," नवरा म्हणायचा.

"म्या काय शाळेतलं पोरगं हाय का? भाकरी संपव, मग खेळायला जा!"

"आबा, रानात चालायला पायात जोर लागतो. तो वाऱ्यानं येत न्हाय."

"तुझ्या आईच्या माघारी म्या रान कसलं, तवा म्या जेवलो का न्हाय हे कोण बघत होतं?"

असं रोज. नवरा बाहेर निघून जायचा, मामा भिंतीकडं तोंड करायचे, आणि उरलेली अर्धी भाकरी मी म्हशीपुढं टाकायची.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई वसतिगृहात आल्या. दर हिवाळ्यात त्या मुलींची तपासणी करतात आणि शेवटी सगळ्यांना सतरंजीवर बसवून अर्धा तास बोलतात. मी मागं खुर्चीवर बसून ऐकते, कारण त्यानंतर काय काय आणायचं ते मलाच ठरवायचं असतं.

एका मुलीनं उभं राहून विचारलं, "मॅडम, थंडीत एवढी भूक का लागती? माझी आई म्हणती, तू फुकटचं खातीस."

सगळ्या हसल्या. डॉक्टरीणबाईंनी तिला पुढं बोलावलं आणि तिचे हात हातात घेतले.

"बघा, हिची बोटं गार आहेत. पण हिच्या काखेत हात घातला तर गरम लागेल. बाहेर कितीही थंडी असो, अंगाच्या आतली ऊब शरीराला एकसारखी ठेवावी लागते, नाहीतर काळीज, मेंदू, काहीच नीट चालत नाही. मग थंडी वाजली की शरीर आधी काटकसर करतं. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं. गरम रक्त आत ठेवतं, बाहेर कमी पाठवतं. म्हणून बोटं गार, नाक गार. तेवढ्यानं भागलं नाही तर मग खर्च काढतं. स्नायू आपोआप हलायला लागतात. त्याला आपण काय म्हणतो?"

"कुडकुडणं!"

"बरोबर. स्नायू हलला की ऊब तयार होते. त्यासाठी जळण लागतं, आणि ते जळण म्हणजे तुम्ही खाल्लेली भाकरी आणि अंगावर साठवलेली चरबी. तान्ह्या बाळाला नीट कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेजवळ, पाठीत एक वेगळ्या जातीची चरबी असते, ती न हलता नुसती ऊब देते. मोठेपणी ती थोडीशीच उरते. शिवाय जेवण पचवतानाही अंगात ऊब तयार होते, डाळी-अंड्यांसारख्या जेवणानं सगळ्यात जास्त. म्हणून जेवल्यावर बरं वाटतं. आता तुम्ही पहाटे उठता, गार फरशीवर अनवाणी फिरता, रांगेत उभ्या राहता. जळण जास्त जळलं की पोट मागणारच."

मग त्यांनी एक प्रामाणिक गोष्ट सांगितली. ती मला फार आवडली.

"पण दिवसभर स्वेटर घालून गोधडीत बसणाऱ्याचा हा खर्च फारसा वाढत नाही हं. थंडीत आपण जास्त खातो, त्यात थंडीचा वाटा आहे, तसाच लांबलेल्या रात्रीचा, ताज्या पिकाचा आणि या मावशींच्या हाताचाही आहे."

दारातून मावशी म्हणाल्या, "मग हाताला पगारवाढ द्या की!"

मी हसले, पण 'गोधडीत बसणारा' हा शब्द माझ्या मनातून हलेना. मामांचं हलणं आम्हीच बंद केलं होतं. ऊन बंद, गोठा बंद, चालणं बंद. जळण जळायचंच नाही असा बंदोबस्त करून वर आम्ही विचारत होतो, भूक का लागत नाही?

संध्याकाळी मी नवऱ्याला हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून खाट सकाळी उन्हात, स्वेटर-कानटोपी-मोजे कायम, पण चालायला मोकळीक. म्हशीला वैरण मामांनी टाकायची. चहा फक्त सकाळ-संध्याकाळ. फरक पडला. मामा दुपारी पोळी नीट खायला लागले. पण रात्रीची भाकरी अर्धीच राहिली. दिवस मावळला की त्यांची भूक जणू कुणी कुलूप लावून ठेवायचं.

उत्तर मला वसतिगृहातच मिळालं, आणि तेही वेगळ्याच कामात. मुलींचं रात्रीचं जेवण लवकर असतं, घरी निघण्याआधी मी पंगतीतून फिरत होते. मुलींची ताटं चाटूनपुसून साफ, पण पाण्याचे पेले भरलेले. ताकाला तर कुणी हात लावला नव्हता. हे दर हिवाळ्यात होतं. कारणही मला माहीत आहे. स्वच्छतागृह अंगणाच्या पलीकडे आहे, तिथं जाताना थंडी झोंबते, म्हणून मुली संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडतात. मग पोटं दुखतात, डोकी दुखतात, आणि मी ओरडते.

भरलेल्या पेल्यांकडं बघता बघता मला मामांच्या खाटेखालचा तांब्या आठवला. मी रात्री भरून ठेवते. सकाळी तो तसाच भरलेला असतो. रोज मी तो तुळशीला घालते आणि विचार करत नाही.

आमच्या घरी संडास परसात आहे. अंगण ओलांडायचं, चार पायऱ्या उतरायच्या. मामांना रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागत असणार. सुनेला हे कसं सांगायचं? मुलाला सांगायलाही जीभ उचलली नसणार. त्यापेक्षा सोपा उपाय त्यांनी स्वतःच काढला होता: दिवस मावळल्यावर प्यायचं नाही, आणि भाकरी कोरडी घशाखाली उतरत नाही म्हणून खायचंही नाही. वर आम्ही म्हणत होतो, तुम्ही हट्टी आहात.

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना एकटीच भेटले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"थंडीत लघवी जास्त होतेच. मुलींना सांगितलं ना, कातडीतलं रक्त आत वळतं. आत रक्त जास्त झालं असं मूत्रपिंडाला वाटतं आणि ते जादा पाणी बाहेर टाकतं. घामही जात नाही. त्यात तहान कमी लागते. वयस्कर पुरुषाला प्रोस्टेटचाही त्रास असतो. घेऊन या त्यांना. पाणी बंद केलं की मलावरोध होतो, आणि पोट साफ नसलं की भूक मरते. तुमच्या मामांचं हेच झालं असेल."

"आणि थंडी वाजते का विचारलं तर नाही म्हणतात."

"खरंच कळत नसेल. या वयात थंडी उशिरा कळते, कुडकुडणंही कमी होतं. ते म्हणायची वाट बघू नका. अंगाला हात लावून बघा. आणि शेगडी बंद खोलीत अजिबात नको, तिच्या धुरात न दिसणारा विषारी वायू असतो."

आता प्रश्न एवढाच होता की हे मामांशी बोलायचं कसं. मी दोन दिवस वेगवेगळी वाक्यं जुळवून पाहिली. एकही सुनेच्या तोंडी शोभेल असं नव्हतं. शेवटी मी सकाळी उन्हात त्यांच्या खाटेजवळ तुरीच्या शेंगा सोलत बसले आणि म्हणाले,

"मामा, आमच्या पोरींचं काय करावं कळंना."

"का? काय झालं?"

"थंडीच्या भीतीनं संध्याकाळनंतर पाणीच पीत न्हाईत. उठून बाहेर जावं लागतं म्हणून. मग जेवण जात न्हाय, पोट साफ होत न्हाय."

मामांनी सुपातली एक शेंग उचलून सोलायला घेतली. मग म्हणाले, "पोरी शहाण्या हायेत."

"शहाण्या कुठल्या? आजारी पडल्या तर माझ्यावर येईल. म्हणून मी ठरवलंय, त्यांच्या खोलीजवळच सोय करायची."

"खोलीजवळ?"

"व्हय. अन् मग मनात आलं, आपल्या घरीही करून टाकावी. उद्या मलाच म्हातारपण येणार हाय. आतल्या खोलीच्या मागं न्हाणीघर हायेच, तिथं कमोडची खुर्ची ठेवली की झालं. दिवा लावून ठेवायचा. कुणाला थंडीत उठून परसात जायला नको."

मामांनी सोललेले दाणे माझ्या सुपात टाकले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझ्या म्हातारपणाला अजून लई टाइम हाय."

"मी कामं आधीच उरकून ठेवते."

"ते म्हाईत हाय," मामा म्हणाले. पुढची शेंग उचलता उचलता म्हणाले, "आण मग खुर्ची."

खुर्ची आली. न्हाणीघरात लहान दिवा लागला. नवरा त्यांना दवाखान्यात घेऊन गेला, मी मुद्दाम गेले नाही. बाप-लेकात आणि डॉक्टरीणबाईंत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. रात्री घ्यायची एक गोळी आली, एवढंच मला कळलं. घरी पोचल्यावर नवरा गाडीवरून उतरता उतरता म्हणाला, "डॉक्टरीणबाई आबांना म्हणाल्या, पाणी दिवसा भरपूर प्या, रात्री घोट-घोट, पण बंद करू नका. मला म्हणाल्या, बापाला ताटावरून बोलू नका."

"मग? कबूल केलं का?"

"आबांनी माझ्या आधी केलं!"

त्यानंतरचे दिवस मी ताटाकडं न बघता ताट वाढायला शिकले. हे माझ्यासारखीला अवघड आहे. पातळ वरण आधी द्यायचं, भाकरी त्यात कुस्करून, वर चमचाभर तूप. डाळ रोज. अंडं चालेल का विचारलं तर म्हणाले, गुरुवार सोडून चालंल. सकाळी तांब्या उचलताना तो हलका लागायचा. आणि एका संध्याकाळी मी चुलीशी असताना मागून आवाज आला.

"भाकरी संपली का?"

मी वळून पाहिलं. मामांचं ताट रिकामं होतं. टोपल्यात एक उरली होती, नवऱ्यासाठी ठेवलेली. मी ती अर्धी करून मामांच्या ताटात टाकली.

"अर्धी कशाला?" मामा म्हणाले. "त्याला दुसरी थाप."

नवरा हात धुऊन आत येत होता. त्यानं ते ऐकलं आणि तोंड उघडलं. मी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. तो बसला आणि आपल्या भाकरीची वाट बघत राहिला.

येळवसेच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मामांना पुन्हा पाहिलं. छाती साफ होती. मी विचारलं, आंबील चालेल का, गार असते म्हणून. त्या म्हणाल्या, "गार आंबिलीनं न्यूमोनिया होत नाही. उन्हात बसून पिऊ द्या. फक्त पहाटे नेऊ नका, वारा असेल तर कान झाका, आणि दमले की बसवा."

आम्ही ऊन चढल्यावर निघालो. मामा गाडीवर नवऱ्याच्या मागं, कानटोपी, स्वेटर, त्यावर उपरणं. मी मागून शेजारणीच्या टमटममध्ये, मांडीवर आंबिलीचं मडकं. शेतात आजूबाजूला सगळीकडं कोपी उभ्या होत्या, माणसांचे आवाज येत होते. ज्वारी कमरेच्या वर, कडेला तूर पिवळी पडत आलेली.

पूजा झाली. नवऱ्यानं मडकं उचललं आणि क्षणभर थांबला. मामांनी हात पुढं केला. मडकं नवऱ्याच्या हातात राहिलं आणि आंबिलीत बुडवायची कडुनिंबाची डहाळी त्यानं बापाच्या हातात दिली.

"पडलास तर मला धर," मामा त्याला म्हणाले.

दोघं बांधावरून निघाले. मी मागं चालत होते. मामांचं पाऊल लहान होतं, पण ओळीत पडत होतं. डहाळी बुडवायचे, ज्वारीवर शिंपडायचे आणि आमच्याकडची ती कानडी वळणाची हाक द्यायचे. आवाज बारीक होता. शेजारच्या रानातून कुणीतरी तीच हाक मोठ्यानं परत दिली. मामांनी मान वर केली आणि पुढची हाक जरा जोरात दिली.

विहिरीजवळ ते थांबले. कठड्यावर बसले. धाप लागली होती, कपाळ किंचित ओलं झालं होतं. मी त्यांच्या हाताला हात लावला. बोटं गरम होती.

"थंडी वाजती का मामा?"

"चालल्यावर कुणाला वाजती?"

थोडं बसून उठले आणि उरलेला बांध पुरा केला.

जेवायला कोपीच्या सावलीत नाही, बाहेर उन्हात बसलो. मी उंडे वाढले, भज्जी वाढली. मामांनी उंडा फोडला, भज्जीत बुडवला आणि खायला लागले. दुसरा उंडा मागितला. भज्जीचा डाव मी घातला, त्यावर ते म्हणाले, "हात आखडू नको, न्हायतर तुझ्या वसतिगृहातल्या मावशींना सांगीन." मग आंबिलीचा पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. मी दुसरा भरला. तोही गेला.

नवरा माझ्याकडं बघत होता. मी पत्रावळीकडं बघत होते, कारण दुसरं कुठं बघायची सोय नव्हती.

जेवून मामा थोडं पाय पसरून बसले, मग काठी टेकून उठले.

"कुठं निघालात आबा?" नवऱ्यानं विचारलं.

"तुरीत," मामा म्हणाले. "दोन पेले आंबील पेलोय, जावं लागणारच की!"

आणि ते सावकाश, काठी टेकत, तुरीच्या आडोशाला गेले. परत येताना त्यांचा आवाज ऐकू आला, वाटेतून शेजाऱ्याला हाक मारून विचारत होते, तुमच्याकडं भज्जी उरली का म्हणून.